अध्यक्षांना 'सर्वाधिकार' देऊन ट्रस्टला जागा घेता येते का? खरेदीच्या ठरावाबद्दल

प्रश्न: आमचा छोटा ट्रस्ट आहे, ई नंबरचा. साखर पेठेत भाड्याच्या जागेत अभ्यासिका चालवतो. शेजारचीच तळमजल्याची जागा मालक ४६ लाखाला द्यायला तयार आहेत. एफडी आहेत ३० लाखाच्या, एक १८ ची एक १२ ची, इमारत निधी साडेचौदा, बाकी सेव्हिंगला. सेक्रेटरींनी ठराव लिहिलाय, "सदर जागा खरेदी करण्याचे व त्याबाबतचे सर्वाधिकार मा. अध्यक्षांना देण्याचे सर्वानुमते ठरले." एवढं पुरतं का? सात विश्वस्त आहोत, दोघं नवीन आहेत. मालक खजिनदारांचे साडू लागतात, त्याने काही अडतं का?

उत्तर:

नाही पुरत. आणि ठराव छोटा आहे हा त्यातला दोष नाही. त्या ओळीत विश्वस्तांनी काहीच ठरवलेलं नाही, ठरवायचं काम अध्यक्षांवर ढकललंय, खरी अडचण ती आहे. मी वीसेक वर्षं सोलापुरात ट्रस्टचीच कामं करते, शाळा, मठ, ज्ञाती मंडळं, अभ्यासिका, आणि 'सर्वाधिकार' हा शब्द ठरावात दिसला की मी पेन खाली ठेवते आधी.

कारण असं की सार्वजनिक ट्रस्टची मिळकत ही सगळ्या विश्वस्तांच्या हाती मिळून असते, ती त्यांनी मिळून सांभाळायची असते. जागा घ्यायची की नाही, कुठली घ्यायची, किती पैशाला घ्यायची, पैसा कुठून काढायचा, हा विचार विश्वस्तांनी स्वतः करायचा, तो एकाच्या गळ्यात घालता येत नाही. दुसऱ्याला देता येतं ते फक्त हाताचं काम, म्हणजे कागदावर सही करणं, सब रजिस्ट्रारसमोर जाऊन फोटो अंगठा देणं, चेक नेऊन देणं. मग तुमच्या ठरावात ठरवण्याचा भाग पूर्ण भरलेला पाहिजे आणि सही करणाऱ्याकडे डोकं चालवायला जागाच उरता कामा नये. किंमत, पैसा, सही ही तिन्ही कलमं ह्या एका गोष्टीवरूनच लिहायची असतात.

एक प्रकरण सांगते, नाव गाव सोडून. एका ट्रस्टने असाच 'सर्वाधिकार' ठराव केला. खरेदीखताच्या आदल्या दिवशी मालक म्हणाला दुसरं गिऱ्हाईक आलंय, तीन लाख वाढवा. अध्यक्ष भला माणूस, जागा हातची जाईल म्हणून हो म्हणून बसले, चेक दिला, खरेदीखत झालं. पुढे चेंज रिपोर्ट, म्हणजे ट्रस्टच्या मिळकतीत किंवा विश्वस्तांत झालेला बदल धर्मादाय कार्यालयाला कळवायचा अर्ज, दाखल केला तेव्हा दोन विश्वस्तांनीच हरकत घेतली की आम्ही जुन्या भावाला हो म्हणलो होतो, तीन लाख कोणाला विचारून दिले. हरकत आली की चेंज रिपोर्टची साधी नोंद राहत नाही, पुरावे, उलटतपास, तारखा सुरू होतात. जागा चांगली होती, भावही काही वावगा नव्हता, अध्यक्षांनी एक पैसा खाल्ला नव्हता. तरी ते अडीच वर्षं उत्तरं देत फिरले, का तर ठरावात आकडा नव्हता.

आता तुमच्याकडे येते. ठरावाच्या आधी सभा बघू, कारण सभा कच्ची असली तर ठराव कितीही छान लिहा, उपयोग नाही. घटनेत म्हणजे तुमच्या ट्रस्ट डीडमध्ये किंवा योजनेत तीन गोष्टी शोधा: स्थावर मिळकत घ्यायचा अधिकार दिलाय का, गणपूर्ती किती, निर्णय बहुमताने चालतो का सगळ्यांची संमती लागते. ह्यावर मी इथून काही सांगू शकत नाही, प्रत्येक डीड वेगळं असतं, काही जुन्या डीडमध्ये दोन तृतीयांशाची अट पण बघितलीये. ठरावात त्या कलमाचा नंबर घाला. 'घटनेनुसार असलेल्या अधिकारात' असं मोघम नको, 'डीडमधील कलम अमुक अन्वये' असं पाहिजे.

मग डोकी मोजा. सात विश्वस्त म्हणता, त्यात दोघं नवीन. त्यांचा चेंज रिपोर्ट मंजूर होऊन परिशिष्ट एकला, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतल्या तुमच्या ट्रस्टच्या उताऱ्यावर, नाव चढलंय का? नसेल तर आजच्या घडीला धर्मादाय कार्यालयाच्या रेकॉर्डवर तुमचे पाच विश्वस्त आणि बाकीचे जुने नाहीतर वारलेले. खजिनदारांनी साडूच्या व्यवहारात बसायचं नाही, म्हणजे झाले चार. आता डीडमध्ये गणपूर्ती पाचची असेल तर तुमची सभा कागदावर होतच नाही! हे कोणी मोजत नाही. सगळे म्हणतात सातही जण तयार आहेत की हो, मग काय अडचण. तयार असणं वेगळं आणि रेकॉर्डवर असणं वेगळं. असं असेल तर आधी त्या दोघांचा चेंज रिपोर्ट मार्गी लावा, तोवर मालकाला थांबवून धरा. पेंडिंग असतानाच पुढं जायची वेळ आली तर त्या चेंज रिपोर्टचा नंबर ठरावात लिहा आणि रेकॉर्डवरच्या जुन्या विश्वस्तांची, जे हयात आहेत त्यांची, लेखी संमती सोबत ठेवा. हा दुसरा रस्ता मला फार आवडत नाही, पण कधी कधी इलाज नसतो.

साडूंचं म्हणाल तर त्याने व्यवहार अडतो असं नाही, पण लपवलं तर नक्की अडतो. खजिनदारांनी सभेत नातं सांगायचं, चर्चेला आणि मताला बाहेर बसायचं आणि हे सगळं इतिवृत्तात यायचं. आणि अशा व्यवहारात भाव बाजारापेक्षा जास्त गेला तर इन्कम टॅक्सची सूट धोक्यात येते, ते सीए तुम्हाला सांगतीलच. म्हणून तुमच्या केसमध्ये सरकारमान्य व्हॅल्युअरचा रिपोर्ट मी घ्यायलाच लावला असता, एरवी छोट्या व्यवहारात मी एवढा आग्रह धरत नाही.

अजून एक, सभेच्या नोटिशीत 'अमुक सिटी सर्व्हे नंबरची मिळकत खरेदी करणेबाबत' असा विषय छापलेला पाहिजे. ऐनवेळच्या विषयात जागा घेऊ नका. जो विश्वस्त त्या दिवशी आला नाही तो उद्या म्हणणार मला माहीतच नव्हतं, आणि त्याचं बरोबर असेल.

आता किंमत. ४६ लाख एवढंच लिहून भागत नाही, तो आकडा कुठून आला ते दोन ओळीत यायला पाहिजे. रेडी रेकनरने म्हणजे सरकारी दराने किती होतात, व्हॅल्युअरने किती काढले, आणि आपण त्याच्या वर जात असू तर का. समजा व्हॅल्युएशन साडेचव्वेचाळीस आलं, तर दीड लाख जास्त का देतोय? तर जागा सध्याच्या अभ्यासिकेला लागून आहे, मधली भिंत काढली की एकच हॉल होतो, पोरांना रस्ता ओलांडावा लागत नाही. हे खरं कारण आहे ना, मग ते लिहा. पाच वर्षांनी कोणी विचारलं तेव्हा हेच वाक्य तुम्हाला वाचवतं. आणि आकडा एकच लिहा. '४६ लाखापर्यंत' असं लिहिलं की मालकाच्या कानावर ते जातंच, पेठेत गोष्ट राहते का कुठं, मग तो ४६ च्या खाली येतच नाही. घासाघीस अजून व्हायची असेल तर ठराव दोन वेळा करा, पहिला फक्त बोलणी करायला दोन तीन जणांची समिती नेमायचा, दुसरा भाव ठरल्यावर पक्का खरेदीचा.

किंमतीच्या खाली एकूण खर्च लिहा. मुद्रांक शुल्क हे ठरलेला भाव आणि रेडी रेकनर यातलं जे जास्त त्यावर लागतं, नोंदणी फी वेगळी. समजा ह्या दोन्हीचा वकिलांनी ३ लाख १० हजार आकडा काढून दिला, सर्च, वकील, टायपिंग मिळून ४० हजार, म्हणजे ४६ चे झाले साडेएकोणपन्नास. बऱ्याच ठरावात हे वरचे साडेतीन लाख नसतातच, मग ऑडिटर विचारतो हा खर्च कोणी मंजूर केला. तुमचा व्यवहार पन्नासच्या आत आहे म्हणून एक टक्का टीडीएसची भानगड नाही, पण रेडी रेकनरचं मूल्यांकन पन्नास किंवा त्याच्यावर निघालं तरी तो कापावा लागतो, तेवढं तपासा.

निधीचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात आळशीपणे लिहिला जाणारा. 'ट्रस्टच्या शिल्लक निधीतून' म्हणजे काय? तुमचा हिशोब मांडते: एफडी १८, दुसरी १२, इमारत निधी साडेचौदा, सेव्हिंगमधून ५, झाले बरोबर साडेएकोणपन्नास. कागदावर जमलं. पण ती १२ ची एफडी कसली आहे? मी हे विचारते कारण गोल आकड्याची वेगळी एफडी दिसली की दहातल्या सहा वेळा ती कोणाच्या तरी नावाने दिलेली देणगी असते, 'व्याजातून दरवर्षी बक्षीस द्यावे' असं पत्र जोडलेली. ते पत्र फायलीत शोधा. सापडलं तर ती एफडी तुम्ही मोडू शकत नाही, विश्वस्त सातच्या सात हो म्हणाले तरी. मुद्दल त्या देणगीदाराच्या अटीत अडकलेलं आहे. अटीचं पत्र नसेल पण ताळेबंदात कॉर्पस म्हणजे कायम जपायचं मुद्दल म्हणून दाखवली असेल तर सीएला विचारा, कारण इन्कम टॅक्सची सूट टिकवायला उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्देशावर खर्च दाखवावा लागतो, आणि कॉर्पसमधून दिलेला पैसा त्या हिशोबात त्या वर्षी धरला जात नाही. इमारत निधीचं उलट, तो जागेसाठीच गोळा केलाय, तो आधी पूर्ण वापरा.

समजा १२ लाख गेले बाजूला. मग हमखास एखादा विश्वस्त म्हणतो, मी देतो हातउसने, बिनव्याजी, सवडीने परत करा. मनाने मोठा माणूस, पण थांबा. ट्रस्टने पैसे उसने घेणं म्हणजे कर्जच, बिनव्याजी असलं तरी, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ३६अ प्रमाणे विश्वस्तांना असं कर्ज धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय काढता येत नाही. त्याला द्यायचेच असतील तर देणगी द्यावी, पावती घ्यावी. नाहीतर मालकाशी बोलून खरेदीखताची तारीख पुढे घ्या आणि तोवर इमारत निधी वाढवा. मी असती तर हेच केलं असतं, ठरावात लिहिलं असतं की १२ लाख इमारत निधीत जमा झाल्याशिवाय खरेदीखत करायचं नाही.

आणि परवानगी? हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण विचारायला पाहिजे होता. विकताना कलम ३६ ची परवानगी लागते हे सगळ्यांना पाठ आहे, घेताना लोक निर्धास्त असतात. पण कलम ३५ म्हणतं की लगेच उद्देशाला न लागणारा पैसा ठराविक ठिकाणीच गुंतवायचा, बँकेत, सरकारी रोख्यात वगैरे, दुसरीकडे गुंतवायचा तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी, आणि डीडमध्ये काही वेगळं लिहिलं असलं तरी. तुम्ही जागा अभ्यासिकेलाच वापरणार असाल तर ही गुंतवणूक नाही, पैसा उद्देशालाच लागतोय, असं म्हणता येतं आणि माझंही मत तसंच आहे. पण वरचा माळा आहे, तो भाड्याने देऊ, उत्पन्न येईल, असा बेत असेल तर ती गुंतवणूक झाली आणि परवानगी आधी घ्यायची. यात मतभेद आहेत, म्हणून तुमच्या वकिलांचं मत लेखी घ्या. ऑडिटरला दरवर्षीच्या रिपोर्टमध्ये कलम ३५ च्या विरुद्ध गुंतवणूक झाली का यावर लिहावंच लागतं, तेव्हा त्यालाही आधी दाखवा. ठरावात जागेचा वापर स्पष्ट लिहिणं हे ह्याच्यासाठीच.

सही करणारा. एक नको, दोन घ्या, दोघं विश्वस्तच घ्या आणि दोघं परिशिष्ट एकवर असलेले. खजिनदार तुमच्या केसमध्ये नकोतच. मॅनेजरला पाठवायची पद्धत आहे काही ठिकाणी, ती सोडा, मग मुखत्यारपत्राचा वेगळा घोळ सुरू होतो. आधार, पॅन आणि परिशिष्टावरचं नाव तिन्ही एकसारखं आहे का बघा, आपल्याकडे तेलुगू घरात आडनाव पुढे मागे होतं आणि मग ऐन काउंटरवर अडतं. चेकवर सह्या करणारे बँकेच्या रेकॉर्डला कदाचित वेगळे असतील, तर एफडी मोडायला आणि पैसे द्यायला कोण सही करणार ते वेगळ्या वाक्यात लिहा. बँक खरेदीचा ठराव वाचून एफडी मोडून देत नाही, त्यांना एफडीचा नंबर दिसायला लागतो.

आणि घेणार म्हणून नाव ट्रस्टचंच यायला पाहिजे, नोंदणी दाखल्यावर आहे तसं, नंबरसकट, 'तर्फे विश्वस्त' म्हणून खाली माणसाचं नाव. बोर्डावरचं नाव नको. मी एक मालमत्ता पत्रक बघितलंय ज्यावर 'तर्फे' गळालं आणि अध्यक्षांचं वैयक्तिक नाव मालक म्हणून चढलं, ते वारल्यावर मुलांची वारसनोंद पण झाली. मुलं चांगली म्हणून सुटलं.

हे सगळं धरून ठराव मी असा लिहिला असता, रिकाम्या जागा तुम्ही भरा:

"ठराव क्र. __. विश्वस्त मंडळाच्या दि. __ च्या सभेत, विषयपत्रिकेवरील विषय क्र. __ नुसार चर्चा झाली. सभेस खालीलप्रमाणे __ विश्वस्त हजर असून गणपूर्ती झालेली आहे. खजिनदार श्री. __ यांनी विक्रेते आपले नातेवाईक असल्याचे सांगितले व ते चर्चेत व मतदानात सहभागी झाले नाहीत.

डीडमधील कलम __ अन्वये असलेल्या अधिकारात असे ठरले की, सोलापूर, साखर पेठ येथील सिटी सर्व्हे नं. __, तळमजला, क्षेत्र __, ही मिळकत ट्रस्टच्या अभ्यासिकेच्या वापरासाठी श्री. __ यांच्याकडून एकूण रु. ४६,००,००० इतक्या ठरीव किमतीस खरेदी करावी. रेडी रेकनरप्रमाणे मूल्य रु. __ व मूल्यांकन अहवाल दि. __ प्रमाणे रु. __ असून, जादा रकमेचे कारण __ हे आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी व इतर खर्चासह एकूण रु. ४९,५०,००० पर्यंतच्या खर्चास मंजुरी देण्यात येते.

सदर रक्कम पुढीलप्रमाणे द्यावी: इमारत निधीतून रु. __, मुदतठेव क्र. __ मधून रु. __, बचत खाते क्र. __ मधून रु. __. यासाठी कोणतेही कर्ज वा उसनवार घेऊ नये. सर्व रक्कम चेकने अथवा बँकेमार्फत विक्रेत्याच्या खात्यातच द्यावी.

श्री. __ व सौ. __ या दोन विश्वस्तांनी संयुक्तपणे ट्रस्टतर्फे साठेखत व खरेदीखतावर सह्या कराव्यात, दुय्यम निबंधकांसमोर हजर राहून नोंदणी करावी, ताबा घ्यावा, सिटी सर्व्हे व महापालिकेकडे नोंद करून घ्यावी व चेंज रिपोर्ट दाखल करावा. किंमत, क्षेत्र, विक्रेता वा निधी यात बदल करण्याचा अथवा हा अधिकार दुसऱ्यास देण्याचा त्यांना अधिकार नाही. हा अधिकार सहा महिन्यांपर्यंत राहील. हा व्यवहार स्वच्छ मालकी हक्क व आवश्यक असल्यास धर्मादाय आयुक्तांची परवानगी मिळण्याच्या अधीन आहे.

सूचक __, अनुमोदक __. बाजूने __, विरोधात __."

शेवटची मतांची ओळ काढू नका. कोणी विरोध केला असेल तर तो नावानिशी लिहा, 'सर्वानुमते' चा मोह टाळा. विरोध नोंदवलेला ठराव कच्चा नसतो, खोटा सर्वानुमते मात्र पहिल्याच उलटतपासात उघडा पडतो. इसाराची रक्कम द्यायची असेल तर ती किती आणि परवानगी न मिळाल्यास परत मिळेल, हे साठेखतात घाला. नक्कल देताना सेक्रेटरींनी 'खरी नक्कल' म्हणून सही करावी, ते स्वतःच सही करणाऱ्यांपैकी असतील तर दुसऱ्या विश्वस्ताची घ्या.

खरेदीखत झालं की ९० दिवसांत कलम २२ चा चेंज रिपोर्ट, म्हणजे जागा ट्रस्टच्या रेकॉर्डवर येईल. सोबत खरेदीखत, इंडेक्स टू, ठरावाची नक्कल आणि पैसे गेल्याचं बँक स्टेटमेंट. दिवस मोजायला खरेदीखताच्या तारखेपासून सुरुवात करा, मूळ दस्त हातात कधी मिळाला त्यावरून नको. गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास व्यवहार झाला की पंधरा दिवस असेच निघून जातात, अनुभव आहे.

राहिला तो आधी लिहिलेला दोन ओळींचा ठराव. त्यात आता आकडे कोंबू नका, व्हाइटनर लावू नका, पान फाडू तर अजिबात नका. तो तसाच राहू द्या. नवीन नोटीस काढा, नवीन सभा घ्या आणि नवीन ठरावाच्या सुरुवातीला एक वाक्य घाला, 'दि. __ चा ठराव क्र. __ रद्द करून त्याऐवजी खालील ठराव मंजूर करण्यात येतो.' आणि त्या जुन्या पानावर सह्यांच्या वर जर मोकळी जागा सुटली असेल, तर तिथे तिरकी रेघ मारून ती जागा आजच बंद करा.